आजारी रुग्ण आणि मोफत भेट

मला राग लवकर येतो हे जुन्नरात सगळ्यांना ठाऊक आहे. माझे विद्यार्थी एकमेकांना सांगायचे, मास्तरांना शिवी दिली तर एक वेळ चालेल, पण त्यांच्यासमोर 'गोल वर्तुळ' म्हणू नका. खोटं नव्हतं ते. शिवी निदान आपलं काम नीट करते. गोल वर्तुळ काय करतं? वर्तुळ म्हटल्यावर ते चौकोनी असेल अशी भीती कुणाला वाटली होती?

आमचं घराणं कागद करणाऱ्यांचं. चिंध्या कुटायच्या, लगदा करायचा, तो साच्यावर उचलून घ्यायचा, वाळवायचा आणि गुळगुळीत दगडानं घोटायचा. माझ्या लहानपणी ते काम संपतच आलं होतं, गिरणीच्या कागदापुढं हातकागदाचा काय टिकाव लागणार. अब्बांनी मग पाट्या-पेन्सिली-वह्यांचं दुकान टाकलं. पण पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी लिहावं म्हणून कागद करणाऱ्या घरात कागदावर लिहिणारा पहिला मी निघालो, आणि तोही मराठीचा मास्तर. ह्याचा मला गर्व आहे आणि मी तो लपवत नाही. 'मुसलमानाचं पोरगं आपल्याला मराठी शिकवणार का?' असं एक-दोघं चावडीवर बोलले होते. पुढं त्यांचीच पोरं निबंध घेऊन आमच्या ओट्यावर रांगेत बसायची. मी एकालाही परत पाठवलं नाही, पण लाल शाई मात्र भरपूर वापरली.

पन्नास सालानंतरचा तो काळ मानपत्रांचा होता. कुणी निवृत्त झालं, कुणाची बदली झाली, कुणी नवा रस्ता करून दिला, की त्याला मानपत्र. चांगल्या अक्षरात लिहायचं, सभेत उभं राहून मोठ्यानं वाचायचं आणि चौकटीत घालून हातात द्यायचं. जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांत मानपत्र लिहायचं म्हटलं की माझं नाव निघायचं. अक्षर चांगलं होतं, आणि फुकट लिहून देत होतो.

ह्या मानपत्रांचा एक रिवाज होता. मान मोठा दाखवायचा तर शब्द दुप्पट घालायचे. ताटात एक लाडू वाढला तर पाहुण्याला काय वाटेल, म्हणून दोन वाढायचे, तसं. 'आनंद' एकटा कधी यायचाच नाही, 'हर्ष' त्याचं बोट धरून यायचा. 'अखंड' आला की मागोमाग 'अविरत' हजर. मी ते काढून टाकायला जायचो आणि दर वेळी भांडण व्हायचं. लोक म्हणायचे, "मास्तर, तुमच्या खिशातनं जातंय का काय?"

एका रविवारी नर्सबाई आमच्या घरी आल्या. बाई मूळच्या जुन्नरच्या, आमच्या मागच्या आळीतल्या. तरुणपणी नवरा गेला, तेव्हा पुण्याला जाऊन नर्सिंग शिकल्या आणि जिल्हा लोकल बोर्डानं त्यांना तळेघरला नेमलं. दवाखाने तेव्हा बोर्डाच्या ताब्यात असत. तळेघर म्हणजे भीमाशंकरच्या वाटेवरचं डोंगरातलं गाव. भात आणि नाचणीची शेतं, आणि एका वाडीपासून दुसऱ्या वाडीला जायचं तर पायवाट. तिथं जायला कुणी तयार नसायचं. बाई गेल्या आणि नोकरी संपेपर्यंत राहिल्या. त्यांनी मला लहानपणी पाहिलेलं, त्यामुळं मी मास्तर झालो तरी त्या मला अरेतुरेच करत.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "घोडेगावला माझा सत्कार आहे. मानपत्र तुला लिहायला सांगणार आहेत."

"मग छान लिहितो की."

"छान लिहू नको. नीट लिही." त्यांनी पदरानं कपाळ पुसलं. "माझ्या जागी बोर्डानं कुणाला पाठवलेलं नाही. दवाखान्याला कुलूप आहे. मी विचारायला गेले तर म्हणतात, तिथं कुणी जायला तयार नाही, बघू. एकदा का बघू म्हणता म्हणता पाऊस लागला, की मग दवाखाना बंदच समज. आणि सत्काराला बोर्डाचे अध्यक्ष येणार आहेत."

"मग तुम्ही त्यांना सांगा ना सभेत."

"मी? माझ्या सत्कारात मीच मागणं मागू? बरं दिसेल का ते? मी नुसतं हात जोडून बसायचं. मानपत्र झालं की लगेच साहेबांचं भाषण असतं. म्हणजे साहेबांच्या कानात शेवटचं जे जाणार ते तुझं. त्यात दवाखाना जाऊ दे. माझं कौतुक राहिलं तरी चालेल."

सत्काराची साडी आणि हारतुरे ज्या बाईसाठी, ती म्हणत होती माझं कौतुक राहू दे. त्या गेल्यावर अब्बांनी आतल्या फळीवरून स्वतःच्या हातचा घोटलेला कागदाचा एक मोठा ताव काढला आणि माझ्यापुढं ठेवला. असे ताव घरात मोजकेच उरले होते.

ते अध्यक्ष मी आधी एका सभेत पाहिले होते. माणूस वाईट नव्हता, पण मानपत्र सुरू झालं की त्यांचे डोळे मिटायचे. त्यांना लोक हसत. मी हसलो नाही, कारण दोष त्यांचा नव्हता. ऐकणाऱ्याचा कान फार शहाणा असतो. बोलणारा दोन शब्द टाकतो आणि त्यातला एक रिकामा आहे हे कानाला लगेच कळतं. मग तो दर जोडीतला एक सोडून द्यायला लागतो. थोड्या वेळानं दोन्ही सोडतो. पुढं कामाचं काही आलं तरी कान तोवर मिटलेला असतो. त्या सभेत शेवटच्या परिच्छेदात गावानं विहीर मागितली होती. साहेबांनी उठून गावाचे आभार मानले आणि विहिरीचं नावही काढलं नाही.

म्हणून ह्या वेळी मला काळजी वाटत होती. इथं विहीर नव्हती, डोंगरातल्या बाळंतिणी होत्या.

मी एसटीनं घोडेगावला गेलो. सत्कार समितीचे प्रमुख म्हणजे तात्या. चांगली बागायत जमीन, शिवाय पेठेत कापडाचं दुकान. मनानं दिलदार माणूस, बाईंना द्यायची साडी त्यांनीच दिली होती. त्यांनी मला गादीवर बसवलं, चहा मागवला आणि खिशातून घडी घातलेले कागद काढले.

"मास्तर, मसुदा मीच केलाय. तुमी फकस्त चांगल्या अक्षरात उतरवा."

मी वाचायला लागलो. पहिल्याच ओळीत 'आजच्या या मंगल शुभप्रसंगी' होतं. ते मी गिळलं. पुढं 'डोंगराळ पर्वतीय भागातील दुर्गम व जाण्यास कठीण अशा' आलं. तेही गिळलं. मग आलं, 'आजारी रुग्णांची निःस्वार्थ व निरपेक्ष सेवा'.

"तात्या, निरोगी रुग्ण कधी पाहिलाय का?"

"म्हंजे?"

"रुग्ण म्हणजेच आजारी. आजारी रुग्ण म्हणजे पिवळा पीतांबर झाला."

"आवो, पन आजारी म्हनल्यावर जरा कळवळा येतो!"

"येत नाही. उलट जातो. रुग्ण म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं माणूस येतो, खाटेवर पडलेला. तुम्ही त्याला पुन्हा सांगता, बरं का, हा आजारी आहे हं. तो म्हणतो, दिसतंय मला. माणूस राहतो बाजूला, आणि ऐकणारा तुमच्याकडं बघायला लागतो."

तात्यांनी मिशी ओढली. मी खाली वाचलं. 'समितीचे प्रमुख यांजकडून बाईंस एक लुगडे मोफत भेट.'

"हे मोफत काढा."

आता मात्र तात्या गादीवरून पुढं सरकले. "हे बगा मास्तर, बाकी काय बी काढा. मोफत न्हाई निघायचं. आमचं कापडाचं दुकान. नुसतं भेट लिवलं तर लोकान्ला वाटंल समितीकडनं पैशे घेतले आन् साडी दिली. मोफत म्हनलं की इषय मिटला."

"मिटत नाही, सुरू होतो," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, दुकानात आलेलं एक गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. "भेट म्हटलं की पैसे घेतले नाहीत हे त्यात आलंच. कुणाच्या मनातही पैसा येत नाही. तुम्ही मोफत म्हणता आणि तिथंच पैशाची आठवण करून देता. मग माणूस म्हणतो, मोफत भेट? म्हणजे ह्यांच्या बाकीच्या भेटी विकतच्या असतात का? एवढी चांगली साडी दिलीत तात्या, आणि एका शब्दानं तिच्यावर शंका ओढवून घेताय."

गिऱ्हाईक फिस्सकन हसलं. तात्यांनी त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं घाईघाईनं धोतरजोडीचा भाव विचारला.

पण तात्याही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. थोड्या वेळानं म्हणाले, "बरं मास्तर, मला एक सांगा. आपन गोरगरीब म्हनतो, कपडालत्ता म्हनतो, दगडधोंडे म्हनतो. मंग ते समदं बी काढून टाकायचं का?"

मला प्रश्न आवडला. खरंच आवडला. वर्गात चाळीस पोरांतून एकानं असा प्रश्न विचारला तर माझा दिवस चांगला जायचा.

"ते नाही काढायचं. तुमच्या दुकानात येऊन कुणी कपडालत्ता पाहिजे म्हणाला, तर तुम्ही त्याला काय दाखवता?"

"धोतर, लुगडं, खण, पोरान्ला सदरा, असंल ते समदं."

"आणि नुसतं कापड पाहिजे म्हणाला तर?"

"कापड दाखवीन."

"झालं तर. लत्त्यानं कपड्याचा पसारा वाढवला. जोडीतल्या दुसऱ्या शब्दानं काही आणलं तर त्याला पाट मांडा. 'आजारी'नं रुग्णाजवळ काय आणलं? रिकाम्या हातानं आला आणि जेवायला बसला."

तात्यांना पटलेलं नव्हतं. मी पुढं वाचलं आणि ज्या ओळीसाठी मी आलो होतो ती अगदी तळाशी सापडली. 'तरी तळेघर येथील दवाखान्यास परिचारिकेची नितांत गरज व अत्यंत आवश्यकता आहे.' बस, एवढीच. बाई ज्यासाठी आमच्या घरी येऊन बसल्या होत्या ते सगळं ह्या ओळीत, आणि ओळीत होतं काय? गरज आहे, आणि गरज आहे. कोणाला आहे, कधी आहे, नाही भागली तर काय होईल, ह्यातलं एक अक्षर नाही. दोनदा गरज म्हणून लिहिणाऱ्याला वाटलं, आपण फार जोरात बोललो. मला तर वाटतं, अशा दुसऱ्या शब्दाचा खरा दोष हाच. तो नुसता जादा असतो असं नाही, जिथं खरी गोष्ट बसायची ती जागा तो अडवून बसतो.

"तात्या, डोंगरातलं कुणी गावात आलंय का आज?"

बाजारचा दिवस होता. तळेघरकडचा एक म्हातारा बाजाराला आला होता, त्याला तात्यांनी बोलावून घेतलं. तो दुकानाच्या पायरीवर टेकला. मी त्याला विचारलं, बाई नव्हत्या तेव्हा काय करायचे, बाई आल्यावर काय झालं. तो सांगत गेला आणि मी लिहीत गेलो. पावसाळ्यात बाळंतीण अडली तर तिला डोलीत घालायचं. डोली म्हणजे बांबूला बांधलेली झोळी. चार गडी लागायचे, खांदेपालट करायला आणखी चार. वाटेत ओढे. ओढ्याला पाणी असलं तर ते उतरेपर्यंत अलीकडं बसून राहायचं.

"आन् कंदी कंदी पानी उतरंपर्यंत डोलीतलं मानूस ऱ्हायचं न्हाई," तो म्हणाला.

तात्यांनी तोंडातलं पान थुंकलं आणि पुन्हा लावलं नाही.

"बाई आल्यावर डोली लागलीच न्हाई. निरोप धाडला की बाई पायी चालत यायच्या."

मी 'चालत यायच्या' एवढंच लिहिलं. पायी कशाला पाहिजे, चालतात ते पायांनीच. माझी लेखणी अशा ठिकाणी आपोआप चालते. पण लिहून झाल्यावर माझंच मन मला खायला लागलं. म्हाताऱ्यानं 'पायी' म्हणताना मान हलवली होती.

"बाबा, दुसरं कुणी कशानं यायचं?"

"सायेब लोक? आमच्या खांद्यावर! डोलीत बसून येत्यात. बाई एकल्या पायी आल्या."

मग मी तो शब्द परत लिहिला, आणि ठळक लिहिला. तिथं तो रिकामा नव्हता. त्या डोंगरात 'आला' म्हणजे कुणाच्या पायांनी आला हे सांगावं लागत होतं. नियम पाठ करणारे मास्तर बरेच असतात. नियम कुठं थांबतो हे मला कळत होतं, म्हणून मी स्वतःला चांगला मास्तर समजतो. समजणारच.

दुपारपर्यंत माझा मजकूर तयार झाला. तात्यांनी हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"एवढुसाच? मास्तर, लोक म्हनतील घोडेगावकर लई चिक्कू. बाईंचा मान किती, आन् कागूद एवढा!"

"मान शब्दांवर मोजायचा नसतो."

"मंग कशावर मोजायचा? मला न्हाई पटत राव. मी माझंच वाचनार."

झालं! समितीचे प्रमुख तेच, सभा त्यांची, साडी त्यांची. त्यांनी हट्ट धरला असता तर मी काय करणार होतो? बाईंचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी हात जोडायच्या बेतात होतो, तेवढ्यात आतून सूप पाखडल्याचा आवाज आला. दुकानाच्या मागंच तात्यांचं घर होतं, मधे नुसता पडदा. वहिनी, म्हणजे तात्यांच्या घरच्या, आत बसून तांदूळ पाखडत होत्या. आमचं भांडण त्यांनी ऐकलं असणारच, पण मजकूर काय ते त्यांना ठाऊक नव्हतं.

"तात्या, आधी तुमचं वाचू, मग माझं. वहिनी ऐकतील. त्या सांगतील तसं."

"तिला काय कळतंय?"

"सभेतल्या माणसांना जेवढं कळेल तेवढं."

तात्या उठून उभे राहिले, कोट सारखा केला आणि आपला मसुदा सभेत वाचावा तसा वाचला. आवाज मात्र त्यांचा फार भारदस्त होता. 'मंगल शुभप्रसंगी'ला सूप थांबलं. 'पर्वतीय भागा'पर्यंत थांबलेलं होतं. 'निःस्वार्थ व निरपेक्ष'ला ते पुन्हा सुरू झालं. 'नितांत गरज' आली तेव्हा सूप चांगलं जोरात चाललं होतं.

"कसं वाटलं गं?" तात्यांनी विचारलं.

"लई ग्वाड. लई म्होटं म्होटं शबुद हायेत," आतून आवाज आला. "पन म्हनलं काय त्यात?"

मी हसलो नाही. मोठ्या कष्टानं नाही हसलो.

मग मी माझं वाचलं.

'बाई, आपण तळेघरला आलात तेव्हा तिथं दवाखाना होता, पण राहायला कुणी तयार नव्हतं. आपण राहिलात. पावसात बोलावलं तरी आलात, अंधारात बोलावलं तरी आलात, आणि पायी चालत आलात. आपण येण्याआधी आमच्या अडलेल्या बाळंतिणी आम्ही डोलीत घालून आणत होतो. ओढ्याला पाणी असलं तर अलीकडं बसून राहत होतो. काही जणी ओढा ओलांडू शकल्या नाहीत. आपण आल्यावर आम्हाला डोली बांधावी लागली नाही. आज आपण निवृत्त झालात आणि दवाखान्याला कुलूप आहे. पाऊस जवळ आला आहे. आपल्याला हात जोडताना आमच्या मनात एवढंच आहे की, आता हाक कुणाला मारायची?'

सूप पहिल्या ओळीनंतर थांबलं होतं. ते सुरू झालं नाही. पडदा बाजूला झाला आणि वहिनी दारात उभ्या राहिल्या, हाताला कोंडा लागलेला.

"आवो," त्या तात्यांना म्हणाल्या, "म्हंजे तिथं दुसरी बाई न्हाईच का आता? मंग त्या बायांनी करायचं काय?"

तात्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, पुन्हा एकदा वाचला, आणि परत देताना म्हणाले, "तुमचंच वाचा. आन् तुमीच वाचा. माझ्या आवाजात ह्ये लई मोठं व्हईल." असा मोठ्या मनाचा माणूस मी पुन्हा फार पाहिला नाही. एक गोष्ट मात्र त्यांनी मागून घेतली. फाटकावर 'सुस्वागतम' लिहायचं. 'स्वागत' शब्दात 'सु' मुळातच आहे हे सांगायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं. एका मोहिमेत एकच गड घ्यावा.

सत्काराच्या दिवशी शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. पुढच्या सतरंज्यांवर घोडेगावची मंडळी, आणि मागं डोंगरातली माणसं. ती पहाटेच निघून उतरून आली होती. बायाही होत्या, कडेवर पोरं घेतलेल्या. त्यातली बरीचशी पोरं बाईंच्याच हातावर जन्मलेली असणार. बाई व्यासपीठावर पांढऱ्या लुगड्यात हात जोडून बसल्या होत्या आणि मधूनमधून माझ्याकडं बघत होत्या.

हार झाले, साडी झाली. 'तात्यांकडून भेट' असं निवेदकानं म्हटलं आणि टाळ्या पडल्या. तात्यांनी माझ्याकडं बघून भुवई उडवली. मग मी उठलो. अब्बांच्या तावावर माझ्या अक्षरात लिहिलेलं ते मानपत्र मी दोन्ही हातांनी धरलं. साहेब खुर्चीत मागं रेलले, सवयीप्रमाणं डोळे मिटले.

मी हळू वाचलं. 'आपण राहिलात' म्हटलं तेव्हा मिटलेल्या पापण्या हलल्या. 'पायी चालत आलात'ला मागं डोंगरातल्या लोकांत कुजबुज झाली. 'काही जणी ओढा ओलांडू शकल्या नाहीत' म्हटलं आणि साहेब सरळ बसले. डोळे उघडे. शेवटचा प्रश्न वाचून मी खाली बसलो तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. इतकी शांतता मी मानपत्रानंतर कधी ऐकली नव्हती. माझी छाती भरून आली. खोटं कशाला बोलू, मी लिहिलेलं आजवर असं कुणी ऐकलं नव्हतं.

साहेब बोलायला उठले. आणि सवय कुठं जाते हो! "उपस्थित हजर बंधुभगिनींनो," त्यांनी सुरुवात केली, "या गंभीर प्रश्नाचा मी सखोल व खोलवर विचार करून, लवकरात लवकर, शक्य तितक्या त्वरित, योग्य ती उचित कार्यवाही करण्याचे अभिवचन व आश्वासन देतो."

हेच ते! अभिवचन आणि आश्वासन, दोन्ही दिलं, आणि हातात काहीच नाही. मागची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. हो म्हणाले की नाही म्हणाले, त्यांना कळेना. टाळ्या वाजवायला तात्यांनी हात वर केले होते, ते तसेच राहिले.

तेव्हा बाई उठल्या. सत्कारमूर्तीनं मधेच उठून बोलायचं, असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. गळ्यात हार तसाच होता.

"साहेब," त्या म्हणाल्या, आवाज जराही चढवला नाही, "एवढं सगळं म्हणजे तुम्ही बाई पाठवणार, का नाही पाठवणार?"

साहेबांनी चष्मा काढला. त्यांनी समोर पाहिलं, सतरंज्यांच्या पलीकडं, कडेवर पोरं घेतलेल्या बायांकडं. मग म्हणाले,

"पाठवतो."

"कधी?"

"पावसाच्या आधी." त्यांनी घसा साफ केला, चष्मा पुन्हा चढवला. "अर्थात, पर्जन्यकाळाचा प्रारंभ सुरू होण्यापूर्वी, सर्व संबंधित..."

"बास, साहेब," बाई म्हणाल्या. "एवढंच पाहिजे होतं."

त्या खाली बसल्या आणि हारात तोंड लपवून रडायला लागल्या. मागं बाजारच्या दिवशीचा तो म्हातारा उभा राहिला. त्यानं बायांकडं वळून सांगितलं, "पाठवतो म्हनला. चला, अंधार व्हायच्या आत घाट चढू." ती माणसं एकामागून एक उठली, लांबूनच बाईंना हात जोडले आणि चालायला लागली. साहेबांचं भाषण अजून बराच वेळ चाललं. ते ऐकायला आम्ही घोडेगाव-जुन्नरची मंडळी होतोच.